ऐकले, सही एलिजा

एलिजा पेणकर काकांसारखा चिकट माणूस मी दुसरा पाहिला नाही. चिकट म्हणजे पैशाला नव्हे, कागदाला. नेऱ्याच्या रस्त्याला काशिराम शेठ भोपींची पोह्यांची मिल आणि पनवेल गावात मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे काय, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, एक फॅक्स आणि काका. मी गव्हाणची, कोळ्यांची. माझी आय चंद्रावती मासळी विकायची आणि बी.कॉम. झालेली पोरगी ऑफिसात बसते म्हणून बाजारात ताठ चालायची. मी काय बसत होते ते माझं मला ठाऊक. दिवसभर काका माझ्याकडून एकच कागद चार-चारदा करून घेत.

तो कागद म्हणजे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. आम्ही पीआय म्हणायचो. परदेशातला गिऱ्हाईक माल घेणार म्हणाला की त्याला आधी पीआय जातो. हे पक्कं बिल नव्हे. कुठला माल, किती टन, काय भाव, न्हावा शेवाहून कुठल्या बंदराला जाणार, निम्मे पैसे आधी आणि उरलेले बोटीच्या पावतीची, म्हणजे बिल ऑफ लेडिंगची, प्रत दाखवल्यावर, हे सगळं त्यात लिहायचं. आणि तळाला चौकटीत आपलं बँक खातं, बँकेचं नाव आणि परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा स्विफ्ट कोड. तो कागद गिऱ्हाईक आपल्या बँकेत दाखवतो आणि ॲडव्हान्स पाठवतो. पुढे पक्कं इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बोटीची पावती, सगळ्या कागदांवर त्याच पीआयचा नंबर चढतो.

"म्हणून या नंबरला हात लावायचा नाही," काका सांगायचे. "चूक झाली तर पीआय रद्द करायचा आणि नव्या नंबरचा काढायचा. जुन्याच नंबरवर 'रिवाइज्ड' लिहिणं म्हणजे एकाच नावाची दोन माणसं गावात सोडणं. आपल्याकडे रिवाइज्ड नाही."

"हो काका."

"काय?"

"हो म्हटलं!"

हे असं नेहमीचं. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लावायचे. मी मनात म्हणायची, म्हाताऱ्याला पोरींना रगडण्यात मजा वाटते.

काकांची आणखी एक रीत होती आणि तिला शेठसुद्धा हसायचे. पीआय मेलने गेला की काका गिऱ्हाइकाला फोन लावायचे आणि खात्याचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवायचे. समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा. मग एका जाड वहीत पीआयचा नंबर, तारीख आणि पुढे 'ऐकले' असं लिहून सही. तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस तो. म्हणायचे, "कागद वाटेत कोणाच्याही हातात पडतो. आवाज ओळखीचा असला की चोर मध्ये शिरत नाही."

आमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता इस्रायलमधल्या अश्दोदचा एयाल. त्याची आई अबीगेलबाई मूळची इथलीच, पनवेलच्या इस्राएल आळीतली, काकांच्या शेजारची. लग्न होऊन तिकडे गेली. तिकडे आपली बेने इस्राएल, म्हणजे काकांसारखी मराठी ज्यू माणसं पुष्कळ आणि मलिद्याला, त्यांच्या नवसाच्या प्रसादाला, पोहे तर लागणारच. म्हणून एयालच्या दुकानात काशिराम शेठचे पोहे. काका त्याच्या घरच्या फोनवर अबीगेलबाईंशी बोलायचे. ती बाई आकडे मराठीत म्हणायची आणि काका खूश व्हायचे.

२०११ च्या नोव्हेंबरअखेर एयालची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर आली. दोन कंटेनर. नऊ हजार डॉलर ॲडव्हान्स, म्हणजे साडेचार लाखांच्या वर. शेठनी त्या पैशांच्या भरवशावर नेऱ्याच्या बाजूचं भात बोलून ठेवलं होतं. पीआय मी केला, काकांनी तीनदा तपासला, मंगळवारी मेल गेला. मग काकांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"या वेळी फोन तू करायचास."

"मी?"

"शिकायला नको? मी काय जन्मभर पुरणार आहे?"

खरं सांगते, मला परदेशी फोनची भीती वाटायची. मेलवर माझं इंग्रजी झक्क. पण तोंडाने बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. एकदा एयालने ऑफिसात फोन केला होता आणि मी उचलला. तो काहीतरी भराभरा बोलला आणि मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. स्वतःच्याच गिऱ्हाइकाला राँग नंबर! ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आणि या वेळी अबीगेलबाईंऐवजी त्यानेच उचलला तर?

काका जेवायला गेले. मी रिसीव्हर उचलला, ठेवला. परत उचलला. उद्या करू म्हटलं. खातं तर कागदावर छापलेलंच आहे, एवढा शिकलेला माणूस वाचणार नाही का?

काका परत आले. "झाला फोन?"

"झाला."

"अबीगेलबाई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

काकांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग वही ओढली, 'ऐकले' लिहिलं आणि खाली सही केली. माझे कान तापले. उद्या नक्की करू म्हटलं, आणि तो उद्या काही आला नाही.

शुक्रवारी काका चारलाच घरी जायचे. सूर्य बुडला की त्यांचा शब्बाथ सुरू. मग शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत दिवा लावणं नाही, पैसा नाही, फोन नाही. अगदी कडक. त्या शुक्रवारी मी एकटीच होते. पाच चाळीसला फॅक्स खडखडला आणि दोन पानं बाहेर आली. एयालचीच. पहिल्यावर त्याच्या हातचं इंग्रजी: तुमच्या रिवाइज्ड पीआयप्रमाणे आज सकाळी बँकेत ॲडव्हान्सचा अर्ज दिला आहे, बोटीवर जागा धरा.

रिवाइज्ड.

आपल्याकडे रिवाइज्ड नाही. दुसरं पान बँकेच्या अर्जाची नक्कल. पैसे घेणाऱ्याचं नाव आमच्या मिलचं, पीआयचा नंबर आमचा, रक्कम आमची. आणि खातं भलत्याच देशातल्या भलत्याच बँकेचं. आमच्या खात्याचे आकडे काकांनी माझ्याकडून इतक्यांदा घोकून घेतले होते की झोपेतही म्हणाले असते. त्यातला एकही इथे नव्हता.

मेल उघडला. पाठवलेल्यांत काही नाही. कचऱ्याच्या कप्प्यात सापडला, बुधवारचा, आमच्याच पत्त्यावरून गेलेला. सोबत आमचाच पीआय, हुबेहूब, शिक्कासुद्धा. फक्त वर 'रिवाइज्ड' आणि तळाची चौकट बदललेली. लिहिलं होतं, ऑडिट चालू असल्याने जुनं खातं बंद आहे, कृपया या खात्यात पैसे भरा. आमच्या मेलात बसून कोणीतरी आमच्या नावाने लिहिलं होतं. कसा शिरला देव जाणे. पासवर्ड तर आम्ही चिठ्ठीवर लिहून मॉनिटरलाच चिकटवला होता, शहाणे ना आम्ही!

मी खुर्चीत बसले ती उठताच येईना. मंगळवारी फोन केला असता, तर बुधवारी खातं बदलल्याचं वाचून एयालने आधी विचारलं असतं, काल जुनं खातं वाचून दाखवलं, मग आज नवं का नाही? त्यांना सवय होती. माझ्या एका खोट्याने ते दार उघडं राहिलं होतं.

एयालच्या मोबाइलवर फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि मग परक्या भाषेत कोणी बाई काहीतरी बोलली. शेठ मिलवर, तिथे रेंज नाही. फॅक्स पर्समध्ये कोंबला, कुलूप लावलं की नाही तेही आठवत नाही, आणि रिक्षात बसले. रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, कुठे?" तर मला आळीचं नावच सुचेना.

काकांच्या दारात पोचले तेव्हा अंधार पडायला लागला होता. आत दिवा लागलेला. मी दार वाजवलं. कोणी येईना. परत वाजवलं, मग दोन्ही मुठींनी बडवलं. शेजारीण खिडकीतून बघायला लागली तेव्हा कुठे काका आले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. माझं तोंड बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. काका, मी फोन केलाच नव्हता."

"काय?"

परत "काय?" मी तिथेच रडायला लागले आणि ओरडले, "फोन नव्हता केला! खोटं बोलले! एयालने पैसे भलत्याच खात्यात लावले!"

सगळ्या आळीने ऐकलं असेल. मी फॅक्स पुढे केला. काकांनी त्याला हात लावला नाही, मी धरून ठेवला आणि ते वाचत गेले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं आता थोबाडीत देणार. दिली असती तर बरं झालं असतं.

"हा नुसता अर्ज आहे," ते म्हणाले. "बँकेने पैसे पाठवल्याचा स्विफ्टचा कागद नाही. आणि ही तारीख बघ, पैसे लागायची. सोमवार. शुक्रवारी दुपारपासून त्यांच्या बँका बंद. रविवारी उघडतात. कदाचित अजून गेले नसतील."

"कदाचित?"

"कदाचित. तिकडे आपल्यापेक्षा साडेतीन तास कमी. अजून तासभर तरी ती माणसं फोन घेतील. शब्बाथचा दिवा लावला की घेणार नाहीत. चल."

"तुम्ही बोला ना काका. मला नाही जमणार."

"मी आता फोनला हात लावत नाही, तुला माहीत आहे," ते म्हणाले आणि थांबले. "आणि लावला तरी उपयोग नाही. तूच बोल."

कोपऱ्यावर विठूचं एसटीडीचं खोपटं होतं. काका चालत बरोबर आले आणि बाहेर उभे राहिले. अश्दोदच्या घरचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. ते सांगत गेले आणि मी दाबत गेले. दोनदा बोट घसरून चुकलं. काचेच्या त्या डब्यात मला घाम फुटला होता. मीटरचे लाल आकडे पळत होते. घंटा वाजली. मी देवाला म्हटलं, उचलू नकोस. लगेच म्हटलं, उचल रे बाबा!

"कोन?" म्हाताऱ्या बाईचा आवाज. सरळ मराठी. काकांच्या आळीतलं.

माझा बांध फुटला. "अबीगेलबाई, मी पनवेलहून, एलिजा काकांच्या ऑफिसातली कुमुद—"

"एलिजा बरा हाय ना?"

"बरे आहेत, इथेच आहेत. बाई, ते पैसे चोराच्या खात्यात चाललेत. आम्ही रिवाइज्ड पाठवला नाही. आमचं खातं तेच आहे, जुनंच!"

ती बाई घरात ओरडली, "एयाल!" आणि पुढचं सगळं त्यांच्या भाषेत. मागे भांडं पडल्याचा आवाज. ती परत फोनवर आली. "त्यो म्हनतो बँक बंद झाली. रविवारी उघडायच्या आधी दारात उभा राहीन म्हनतो. पन पोरी, या येळी नंबर वाचायला फोन का नाय आला? मी वाट बघत व्हते. गेल्या आठवड्यात पडले मी, हाताला पलस्तर हाय. तरी फोनपाशी बसून व्हते."

बऱ्या आहेत म्हणून मी काकांना सांगितलं होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"चुकलं माझं, बाई," म्हटलं. एवढंच.

घरी जाऊन आयला सगळं सांगितलं. आय म्हणाली, "मासली इकतांना आमी आख्ख्या दुनयेशी बोलतो, आन तू शिकून मुकी झाली?" ती तशीच आहे, जखमेवर मीठच चोळायची. शनिवारी सकाळी मी मिलवर गेले आणि शेठना सांगितलं. शेठ आधी हसले, त्यांना थट्टा वाटली. मग त्यांचा रंग बदलला. बाहेर भाताच्या गाड्या उभ्या होत्या.

"त्या गाडीवाल्यांना तू काय देणार?" ते ओरडले. "तुझ्या आयची पाटी?"

मी मान खाली घालून गाड्यांमधून वाट काढत बाहेर पडले.

रविवारी आम्ही तिघं ऑफिसात. त्यांची बँक उघडणार साडेआठला, म्हणजे आपले बारा. बारा वाजले. सव्वाबारा. शेठ येरझाऱ्या घालत होते. काका वही पुढ्यात घेऊन बसले होते. खालून जिलेबीचा वास येत होता. साडेबारा. पैसे गेले असतील तर सोमवारी त्या चोराच्या खात्यात पडतील आणि काढलेही जातील. मग तो ब्रह्मदेवालासुद्धा सापडणार नाही. मी ही नोकरी सोडून कुठे तोंड लपवणार याचा विचार करत होते.

बारा चाळीसला फोन वाजला. काकांच्या टेबलावरच होता. त्यांनी सवयीने उचलला, कानाला लावला, दुसऱ्या कानाला लावला. कपाळावर आठ्या. मग रिसीव्हर माझ्याकडे केला. "घे."

एयाल होता. इंग्रजीत बोलला, भराभरा. या वेळी मी ठेवला नाही. "स्लोली," म्हटलं. "प्लीज, स्लोली." तो हळू बोलला. पैसे अजून सुटले नव्हते. अर्ज रद्द. त्यावर शिक्का मारून घेतलाय, आत्ता फॅक्स करतो.

"वाचले," मी म्हटलं. "शेठ, पैसे वाचले." आणि खुर्चीत बसून हमसून हमसून रडले.

शेठ दोन ग्लास पाणी प्यायले. भीती उतरली की राग चढतो, तसा त्यांना चढला. "काका, हिचा हिशोब करून टाका. उद्यापासून ही नको. खोटं बोलणारं माणूस मला नको."

काकांनी वही उघडून शेठपुढे ठेवली. "हे वाचा."

"काय वाचू? 'ऐकले', सही एलिजा."

"मी ऐकलं नव्हतं. आपल्या कानाने ऐकायचं आणि मगच सही करायची, ही रीत माझीच. या वेळी मी मुद्दाम जेवायला गेलो. ती खोटं बोलली ते मला तोंडावरून कळलं. तरी सही केली."

"का?"

काकांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"मला ऐकू येत नाही, शेठ. उन्हाळ्यापासून. समोरच्याचं तोंड दिसलं की कळतं, फोनवर आकडे कळत नाहीत. नऊ आणि नव्वद सारखंच. गेल्या दोन पीआयना अबीगेलबाई काय म्हणाल्या ते मला उमगलं नव्हतं. अंदाजाने सही केली. हिला फोन दिला तो शिकवायला नव्हे. खोदून विचारलं असतं तर ही म्हणाली असती, तुम्हीच लावा. म्हणून विचारलं नाही. या वयात मला कोण ठेवणार? काढायचं तर आधी मला काढा."

शेठ मटकन बसले. मी तर रडायचंच विसरले. ते दरवेळचं "काय?" आणि मी मनात दिलेल्या शिव्या, सगळं एकदम आठवलं. शब्बाथच्या संध्याकाळी मी दार बडवत होते आणि तो माणूस आत दिव्यापाशी बसून होता, त्याला ऐकूच येत नव्हतं.

"दोघं एकापेक्षा एक निघालात," शेठ शेवटी म्हणाले. आवाजात राग होता, पण दम नव्हता. "आता त्या एयालला पीआय कोण पाठवणार? मी?"

काकांनी मला खूण केली. जुना पीआय रद्द केला, नव्या नंबरचा काढला. पासवर्ड बदलला, मॉनिटरवरची चिठ्ठी फाडली, आणि कागद मेलने न पाठवता फॅक्स केला. मग मी फोन लावला. अबीगेलबाईंनीच उचलला. मी खात्याचा नंबर वाचायला लागले, मोठ्याने, एकेक आकडा. काका टेबलापलीकडे बसले होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, माझ्या तोंडाकडे डोळे लावले आणि मी म्हणेन त्या आकड्यावर कागदावर बोट ठेवत गेले. बाई तिकडून परत म्हणत होत्या. त्यांचा एकेक आकडा मी पुन्हा मोठ्याने म्हणत होते, काकांना दिसावा म्हणून.

शेवटचा आकडा झाला. मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली आणि पेन वर ठेवलं. मी 'ऐकले' लिहिलं आणि खाली सही केली, कुमुद कोळी. काकांनी ती दोनदा वाचली आणि वही मिटली.